नाव झाकून वाचा

तुमच्या नात्याला तीन महिने झाले असतील तर हे पान उलटा आणि पुढचं वाचा. तुम्हाला शब्द कमी पडत नाहीयेत, उलट आवरत नाहीयेत. हा लेख ज्यांना चार, सात, बारा वर्षं झालीत त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी आज सकाळपासून तीनदा चॅट उघडलं, ‘हॅपी व्हॅलेंटाइन्स डे’ टाइप केलं, पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून फोन उपडा ठेवला आणि गॅस संपलाय का ते बघायला गेले, त्यांच्यासाठी.

मी पण त्यातलीच. बारावीत असल्यापासून आम्ही एकत्र आहोत. म्हणजे पाच वर्षं. त्याचा वाढदिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि मग लगेच चौदा तारीख. एका पंधरवड्यात दोन मेसेज लिहायचे असतात. पहिल्या वर्षी मी दोन्ही मेसेज वहीत आधी लिहून काढले होते. गेल्या वर्षी दोन्ही मिळून मला चार मिनिटं लागली असतील. प्रेम कमी झालं का? मला तसं वाटत नाही. पण मेसेज मात्र वाईट झाला होता आणि तो का वाईट झाला हे मला यंदा ऑफिसमध्ये बसून कळलं.

झालं असं की पुरवणीत छापायला वाचकांकडून व्हॅलेंटाइनचे मेसेज मागवले होते. तीस शब्दांची मर्यादा. ते टाइप करून लावायचं काम अर्थातच इंटर्नकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी एकच मेसेज पुन्हा पुन्हा टाइप करतेय. ‘तू माझ्या आयुष्यात आलास आणि सगळं बदललं.’ ‘तुझ्याशिवाय मी अपूर्ण आहे.’ ‘अशीच कायम माझ्या सोबत राहा.’ शेवटी नाव. जागा थोडी आणि मेसेज ढीगभर, तेव्हा निवडायचे कसे, असं मी आमच्या उपसंपादक मॅडमना विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरवरून मान वर न करता सांगितलं, “नावं झाक आणि वाच. नाव नसतानाही तो दुसऱ्या कुणाला देता येणार नाही असं वाटलं, तर ठेव.”

मी नावं झाकत गेले. बहुतेक मेसेज शेजारच्या मेसेजच्या नावाखाली सहज लागत होते. मग एक आला. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईंचा होता. त्यांनी लिहिलं होतं की गुडघा दुखायला लागल्यापासून तुम्ही दोन जिने माझी पर्स स्वतःच्या खांद्याला लावून चढता आणि शेजारचे बघत असले तरी ती काढत नाही. बस, इतकंच. त्यात ‘प्रेम’ हा शब्दसुद्धा नव्हता. पण त्या जिन्यावरचा तो माणूस मला दिसला आणि हा मेसेज दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला देता येणार नाही हे नक्की कळलं.

त्या रात्री मी घरी जाऊन स्वतःच्या चॅटमध्ये ‘वाढदिवसाच्या’ हा शब्द सर्च केला. माझे पाच वर्षांचे मेसेज एकाखाली एक आले. पहिला लांबलचक, त्यात आम्ही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये उधारीवर खाल्लेल्या साबुदाणा वड्याचा उल्लेख होता. दुसरा त्याच्या निम्मा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यात फरक शोधायला लागत होता. ‘वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. तू जसा आहेस तसाच राहा. या वर्षी तुझी सगळी स्वप्नं पूर्ण होवोत. नेहमीच तुझ्यासोबत.’ खाली त्याचं उत्तर तिन्ही वर्षी एकच होतं: ‘थँक्यू गं.’

इथे त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो तीन वर्षं राज्यसेवेची तयारी करतोय. पुण्यात पेठेत एका खोलीत तिघं, सकाळी आठ ते रात्री दहा अभ्यासिका, दोन वेळची मेस. पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्यला दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. आणि मी त्याला तीन वर्षं ओळीने लिहीत होते की या वर्षी तुझी सगळी स्वप्नं पूर्ण होवोत. ते वाक्य मी सवयीने लिहिलं होतं. त्याने ते सवयीने वाचलं असेल असं मला आता वाटत नाही. दर वर्षी कुणीतरी प्रेमाने येऊन आपला न लागलेला निकाल वाचून दाखवावा, तसं ते झालं होतं. शिळा मेसेज नुसता कंटाळवाणा असतो असं मी समजत होते. तो टोचूही शकतो, कारण समोरचा माणूस गेल्या वर्षात कुठून कुठे गेलाय हे तो लिहिणाऱ्याने बघितलेलंच नसतं.

रोजचं शिळं होत नाही

आपण म्हणतो की रोज रोज बोलून शब्दांची चव जाते. मला हे पटत नाही. तो मला रोज रात्री विचारतो, ‘जेवलीस का?’ पाच वर्षांत हा प्रश्न किती वेळा आला याचा हिशोब नाही. तो मला एकदाही शिळा वाटलेला नाही. एखाद्या रात्री आला नाही तर मी फोन बघत बसते. मग ‘जेवलीस का’ टिकतं आणि ‘तू माझं जग आहेस’ का टिकत नाही?

माझं उत्तर असं आहे. ‘जेवलीस का’ हे आजबद्दल असतं. त्याला उत्तर लागतं आणि ते उत्तर रोज वेगळं असू शकतं. ‘तू माझं जग आहेस’ हे कुठल्याच दिवसाबद्दल नसतं. पहिल्यांदा ऐकताना त्यात एक बातमी असते, की अरे, हिला असं वाटतं! दुसऱ्यांदा ती बातमी जुनी झालेली असते. पाचव्या वर्षी त्यातून समोरच्याला नवीन काहीच कळत नाही. म्हणजे शब्द झिजत नाहीत, त्यांच्यातली माहिती संपते.

आपल्याकडे याचा उत्तम नमुना आहे, तो म्हणजे उखाणा. पहिली ओळ चांदीच्या वाटीची नाहीतर अंगणातल्या तुळशीची, दुसरी ओळ यमक जुळवणारी आणि मध्ये नावाची जागा. नाव बदला, उखाणा कुठल्याही लग्नात चालतो. तिथे ते चालायलाच हवं, कारण उखाण्याचं काम चारचौघांत नाव घेण्याचं आहे, नवऱ्याचं वर्णन करण्याचं नाही. घोळ तेव्हा होतो, जेव्हा आपण वाढदिवसाच्या मेसेजला उखाण्यासारखं लिहितो आणि त्याने पत्रासारखं काम करावं अशी अपेक्षा ठेवतो.

माझ्या आईला हे सगळं पटलं नाही. ती म्हणाली, “आमच्यात असलं काही बोलत नाहीत. माणूस वागण्यातून कळतो.” मी म्हटलं, बरोबर आहे, पण बाबा तुला आजवर एकही चांगलं वाक्य बोलले नाहीत का? ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तू चौथीत होतीस तेव्हा मी आठ दिवस तुझ्या मामाकडे गेले होते. परत आल्यावर म्हणाले, आठ दिवसांत मी डब्यात तीनदा चमचा द्यायला विसरलो. तू एकदाही विसरली नाहीस.”

मी चौथीत होते याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आईला त्यातले आकडेसुद्धा पाठ आहेत. बाबांनी त्या वाक्यात कुठेही ‘थँक्यू’ म्हटलेलं नाही. त्यांनी फक्त आईचं एक काम पाहिलं, मोजलं आणि ते आपल्याला जमलं नाही हे कबूल केलं.

‘मला’ किती वेळा आलंय ते मोजा

बाबांच्या त्या वाक्यात आणि माझ्या मेसेजमध्ये नेमका काय फरक आहे, हे मला एका अभ्यासामुळे नीट मांडता आलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगितलं, ते चित्रित केलं आणि नंतर त्यातली वाक्यं दोन प्रकारांत वेगळी केली. एक प्रकार ‘माझं काय भलं झालं’ सांगणारा: मला खूप हलकं वाटलं, माझा दिवस चांगला गेला. दुसरा ‘तू काय केलंस, तू कसा आहेस’ सांगणारा: तू स्वतःहून पुढे झालास, असं तूच करू शकतोस. ऐकणाऱ्या जोडीदाराला ज्यामुळे अधिक छान वाटलं, आपल्याला समजून घेतलंय असं वाटलं, तो दुसरा प्रकार होता. पहिल्या प्रकाराचा तसा परिणाम दिसला नाही.

हे वाचून मी माझे जुने मेसेज पुन्हा उघडले आणि त्यात ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ किती वेळा आलंय ते मोजलं. वाढदिवस त्याचा होता आणि अर्धा मेसेज माझ्याबद्दल होता. ‘तू माझा आधार आहेस’ या वाक्यात आधार घेणारी मीच आहे. तो त्यात जिन्याच्या कठड्यासारखा उभा आहे. तुम्हीही तुमच्या गेल्या वर्षीच्या मेसेजमध्ये हे मोजून बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्रासदायक आहे.

मग यंदाचा मेसेज लिहायला बसले. तो कसा लिहिला ते टप्प्याटप्प्याने सांगते, कारण ‘मनापासून लिहा’ या सल्ल्याचा कुणालाच उपयोग नसतो.

पहिला टप्पा लिहिण्याचा नव्हताच, शोधण्याचा होता. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी शिकवतात की बातमी लिहायला बसण्याआधी हातात साहित्य हवं. कोण, काय, कधी, कुठे. आठवणीवर विसंबायचं नाही, कारण आठवण ठळक गोष्टीच ठेवते: सहल, भांडण, गिफ्ट. रोजचं ती फेकून देते आणि लांबच्या नात्यातला माणूस तर रोजच्यातच दिसतो. म्हणून मी चॅट वर सरकवत एक वर्ष मागे गेले. सगळं वाचलं नाही. फक्त तो जिथे काहीतरी करत होता तिथे थांबले. फोटोंमध्ये त्याच तारखा पाहिल्या. यूपीआयची यादीसुद्धा पाहिली, हसू नका. कोणाला किती पैसे कधी पाठवले यावरून एखादा दिवस जितका लख्ख आठवतो तितका फोटोवरून आठवत नाही. तासाभरात माझ्याकडे पाच-सहा गोष्टी जमल्या.

दुसरा टप्पा निवडीचा. मी प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न लावले. हे त्याने केलं, की नुसतं आमच्या बाबतीत घडलं? ते करताना त्याला काही सोसावं लागलं का? आणि हे मी त्याला आधी कधी बोलले आहे का? सिंहगडावर पावसात भिजलो ते छान होतं, पण ते घडलं होतं, त्याने केलं नव्हतं. माझ्या प्रोजेक्टचं प्रिंटिंग त्याने करून आणलं, त्याबद्दल तेव्हाच दहा वेळा थँक्यू म्हणून झालं होतं. तिन्ही प्रश्नांतून एकच गोष्ट पार झाली.

पावसाळ्यातला एक मंगळवार होता. माझा धाकटा भाऊ दहावीत आहे. त्याला त्रिकोणमिती अजिबात कळत नव्हती. त्या संध्याकाळी माझ्या ‘ह्याने’ अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून फोनवर त्याला चाळीस मिनिटं ती समजावली होती. कॉल किती वेळ चालला ते भावाच्या फोनमध्ये अजून दिसतं. त्याच दिवशी दुपारी त्याचा मुख्य परीक्षेचा निकाल लागला होता. तो राहिला होता. मला त्याने ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं आणि मी भांडले, की माझ्यापासून लपवलंस कसं. त्या भांडणात हा फोन वाहून गेला. निकाल आणि कॉल एकाच दिवशीचे होते हे मला थेट यंदा, तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं.

तीन मसुदे

तिसरा टप्पा लिहिण्याचा. माझा पहिला मसुदा असा होता: ‘तू स्वतः दुःखात असतानाही माझ्या भावाला शिकवलंस. तू किती निःस्वार्थी आहेस. मला तुझा खूप अभिमान वाटतो.’ गोष्ट खरी होती, पण मसुद्यात ती राहिली नव्हती. ‘निःस्वार्थी’ हा शब्द आला आणि जिना, फोन, चाळीस मिनिटं, सगळं गेलं. विशेषण असं असतं, आपण पाहिलेलं झाकून त्यावर लेबल लावतं. ‘निःस्वार्थी’ हे सत्काराच्या फ्लेक्सवरही असतं.

दुसऱ्या मसुद्यात मी सगळं सविस्तर लिहिलं. भांडण, माझी चूक, त्यानंतरचे दोन अबोल दिवस, सॉरी, पुन्हा सॉरी. वाचून बघितलं तर तो माफीनामा झाला होता. वाढदिवसाच्या दिवशी त्याने हे वाचायचं आणि वर मलाच समजावत बसायचं, ‘अगं जाऊ दे.’ म्हणजे कामाला पुन्हा तोच. माफी मागायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, समोर बसून मागावी. मी त्यातलं एक वाक्य ठेवलं आणि बाकी काढून टाकलं.

तिसरा मसुदा मी पाठवला. तो असा:

‘त्या मंगळवारी तुझा निकाल लागला होता आणि संध्याकाळी तू जिन्यात उभा राहून माझ्या भावाला चाळीस मिनिटं त्रिकोणमिती शिकवलीस. तो सांगतो की तू एकदाही चिडला नाहीस आणि एकच उदाहरण तीनदा सोडवून दाखवलंस. तेव्हा मी भांडण्यात होते, हे बघायचं राहून गेलं. स्वतःचा दिवस असा गेलेला असताना दुसऱ्याला सोपं करून सांगणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही. आज मेसवर जाऊ नकोस, मी डबा घेऊन येतेय.’

यात ‘स्वप्नं पूर्ण होवोत’ नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी ते मुद्दाम टाळलं. ज्याच्या वर्षाचा निकाल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे, त्याला त्याच्या वाढदिवशी त्या निकालाची आठवण नको असते. निकालाच्या बाहेरही तो कुणीतरी आहे आणि ते कुणीतरी पाहिलंय, हे कळलं तर बरं वाटतं, असा माझा अंदाज होता. नोकरी गेलेला, मूल हवं असून होत नसलेलं, घरी कुणी आजारी असलेला, अशा कुठल्याही जोडीदाराला पुढच्या वर्षाच्या शुभेच्छा देताना हा विचार करून बघा. शुभेच्छेपेक्षा साक्ष द्या. पुढचं वर्ष कुणाच्याच हातात नसतं, गेलेलं मात्र तुम्ही सोबत पाहिलेलं असतं.

आणि शेवटचं डब्याचं वाक्य. ते नसतं तर मेसेज भाषणासारखा संपला असता. रोजच्या बोलण्यातलं एक वाक्य शेवटी ठेवलं की मेसेज परत तुमच्या दोघांच्या घरात येतो. तुमच्याकडे ते ‘येताना दूध आण’ असेल. चालतं की.

कुठे फसतं

हे करताना हमखास चुकतं ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे स्टेटस. असा मेसेज स्टेटसला टाकला की त्याचा वाचक बदलतो. मग आपण जोडीदारासाठी लिहीत नाही, मावशी, रूममेट आणि ऑफिस ग्रुपसाठी लिहितो. त्याचा निकाल मी स्टेटसला टाकला असता तर ती सरळ बदनामी झाली असती. (तो या लेखात आलाय तो त्याला विचारून. त्याने मसुदा वाचला आणि एक ओळ काढायला लावली. ती काढली.) तुम्हाला स्टेटस टाकायचाच असेल तर फोटो टाका, खाली तारीख लिहा आणि खरा मेसेज खासगीत पाठवा.

दुसरं म्हणजे कौतुकात लपवलेली तक्रार. ‘एकदाची तू या वर्षी भांडी घासलीस, थँक्यू.’ आपल्याला तो विनोद वाटतो, पण समोरच्याच्या मनात ‘एकदाची’ एवढंच राहतं. बाबांचं वाक्य आठवा. त्यात कमीपणा होता, पण तो त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

तिसरं म्हणजे आपण तासभर शोधतो आणि काहीच सापडत नाही. याची दोन कारणं असू शकतात. एक कारण साधं असतं, सवय. माणूस इतका रोजचा होतो की तो नसता तर काय, हे डोक्यातच येत नाही. यावर एक उपाय आहे आणि तो जरा उलटा आहे. मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नात्यात असलेल्या लोकांवर एक प्रयोग केला. काहींना ‘तुम्ही कसे भेटलात’ हे लिहायला सांगितलं, तर काहींना ‘तुमची भेट कशी झालीच नसती’ हे लिहायला सांगितलं. भेट झालीच नसती असं लिहिणारे नंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधानी दिसले. ‘आपण कसे भेटलो’ ही गोष्ट आपण इतक्या जणांना सांगितलेली असते की तीही उखाणा होऊन जाते. ‘नसतो भेटलो’ ही मात्र कधीच सांगितलेली नसते. मी करून बघितलं. बारावीला मी दुसऱ्या क्लासला पैसे भरणार होते, तिथली बॅच भरली म्हणून या क्लासला आले. एक जागा शिल्लक असती तर मी आज कुणाला डबा नेला असता, कुणास ठाऊक. दहा मिनिटं कागद घेऊन हे लिहा. ते पाठवायचं नसतं. त्यानंतर चॅट वाचायला घेतलं की वेगळ्या गोष्टी दिसायला लागतात.

दुसरं कारण साधं नसतं. कधी कधी वर्षभरात खरंच काही नसतं. किंवा असतं ते असं की आठवून फक्त राग येतो. तेव्हा चांगला मेसेज लिहिण्याची युक्ती शोधू नका. माझ्या एका मैत्रिणीने मी सांगितल्यावर वर्षभराचं चॅट वाचलं आणि तिला त्यात ‘कुठे आहेस’, ‘कोणासोबत आहेस’ आणि ‘पोचलीस का कळव’ याशिवाय काही सापडलं नाही. तिने या वर्षी मेसेज पाठवला नाही. भेटायला बोलावलं. काय बोलणं झालं ते तिचं तिच्यापाशी. पण मेसेज सुचत नाहीये म्हणजे आपल्यालाच लिहिता येत नाही, असं ती तीन वर्षं समजत होती. भाषेचा दोष नव्हता तो.

माझं म्हणणं एवढंच आहे. दहा ओळींचा गोड मेसेज आणि चार ओळींचा खरा मेसेज यातून निवडायचं असेल तर चार ओळी लिहा. त्यात एक दिवस असू दे, एक जागा असू दे आणि त्या दिवशी त्याने किंवा तिने काय केलं ते असू दे. मग नाव झाका आणि वाचा.

हां, माझ्या मेसेजचं पुढे काय झालं ते राहिलं. निळ्या टिका लगेच आल्या, पण उत्तर दोन तास आलं नाही. मला वाटलं, फसलं. निकालाचा विषय काढायलाच नको होता. मी डबा भरत असताना फोन वाजला. त्याने लिहिलं होतं, ‘तीनदा नाही, चारदा. आणि जिन्यात लाइट गेली होती, म्हणून वही दिसत नव्हती, सगळं तोंडी करावं लागलं.’

पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने ‘थँक्यू गं’ लिहिलं नाही. त्याने दुरुस्ती पाठवली. वर्तमानपत्रात दुरुस्तीचं पत्र आलं की आमच्या मॅडम म्हणतात, चला, कुणीतरी नीट वाचलं.